उशिरा दिसण्याची विद्या

रडारला अजिबात न दिसणारे विमान आजवर कोणी बनवलेले नाही आणि भौतिकशास्त्राचे नियम पाहता ते बनणारही नाही. तरीही वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर स्टेल्थ विमानाला सर्रास ‘अदृश्य विमान’ म्हटले जाते. मग असे एखादे विमान कुठे दिसले किंवा पडले, की हे सगळे तंत्रज्ञानच फसवे होते असा निकाल त्याच उत्साहाने दिला जातो. या दोन्ही मतांच्या मुळाशी चूक एकच आहे. स्टेल्थ विमान रडारला दिसतेच, फक्त उशिरा दिसते. शत्रूच्या हातातली मिनिटे काढून घेऊन तिथे सेकंद ठेवणे एवढेच त्याचे काम आहे. ते काम बहुतांशी विमानाच्या आकाराने होते आणि उरलेले त्यावरच्या खास लेपाने. ही वाटणी अशीच का, आणि ती कुठे अपुरी पडते, हे नीट समजले तर स्टेल्थबद्दलच्या बहुतेक दाव्यांची पारख सामान्य वाचकालाही करता येईल. त्यासाठी अमेरिकेच्या एफ-११७ या पहिल्या स्टेल्थ लढाऊ विमानासारखे दुसरे उदाहरण नाही. त्याचा जन्म, त्याचे यश आणि त्याचे पडणे, तिन्ही आता पुरेसे उघड झालेले आहे.

रडार रेडिओ लहरींचा झोत सोडते आणि विमानावर आदळून परत येणारा त्याचा अंश टिपते. झोत जाताना पसरतो, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की विमानापर्यंत पोचणारी ऊर्जा चौथाई होते. परतीची लहरही तशीच पसरते, म्हणजे आणखी चौथाई. जाण्यायेण्याचा हिशेब एकत्र केला तर अंतर दुप्पट झाल्यावर प्रतिध्वनी सोळा पटींनी, म्हणजे अंतराच्या चौथ्या घाताने, क्षीण होतो. हाच नियम उलट बाजूने वाचला की स्टेल्थची सगळी अडचण समोर येते. विमान रडारला किती मोठे भासते हे सांगणाऱ्या मापाला अभियंते ‘रडार क्रॉस सेक्शन’ म्हणतात. इथे आपण त्याला परावर्तन-क्षेत्र म्हणू. ते चौरस मीटरमध्ये मोजतात, पण विमानाच्या खऱ्या आकारमानाशी त्याचे थेट नाते नसते. परावर्तन-क्षेत्र दहापट घटवले तर विमान दिसण्याचे अंतर दहापट घटत नाही, ते फक्त ५६ टक्क्यांवर येते. अंतर दहापट कमी करायचे असेल तर परावर्तन-क्षेत्र दहा हजार पटींनी घटवावे लागते.

आकडे घालून पाहू. एखादे रडार १० चौरस मीटर परावर्तन-क्षेत्राचे साधे लढाऊ विमान २०० किलोमीटरवरून पाहू शकते, असे धरा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या त्या विमानाला रडारपर्यंत पोचायला सुमारे सव्वातेरा मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात माग काढणे, क्षेपणास्त्रांच्या तळाला कळवणे, नेम धरणे आणि डागणे सहज जमते. आता परावर्तन-क्षेत्र ०.००१ चौरस मीटर झाले, म्हणजे दहा हजार पटींनी घटले. तेच रडार हे विमान २० किलोमीटरवरून पाहील. हातात उरतात ८० सेकंद. शिवाय रडारचे वर्तुळ २०० ऐवजी २० किलोमीटर त्रिज्येचे झाले, म्हणजे त्याखालचे क्षेत्रफळ शंभर पटींनी आक्रसले. ज्या सीमेवर रडारची वर्तुळे एकमेकांवर चढून भिंत उभी राहत होती, तिथे आता मोठमोठ्या फटी पडल्या. स्टेल्थ विमान या फटींतून जाते. म्हणून त्याच्या उड्डाणाचा मार्ग आधी रडारच्या जागा पाहून आखावा लागतो, आणि तो मार्ग हा स्टेल्थचाच एक भाग असतो. हा मुद्दा पुढे सर्बियात महत्त्वाचा ठरणार आहे.

दहा हजार पटींची ही घट कुठून आणायची? पहिला विचार मनात येतो तो लेपाचा: विमानाला लहरी पिऊन टाकणारा रंग द्यावा आणि मोकळे व्हावे. पण वरचाच हिशेब त्याला लावून पाहा. लेपाने आदळणाऱ्या ऊर्जेचा ९० टक्के भाग शोषला, तरी २०० किलोमीटरचे अंतर ११२ वर येते. लेप अतिशय उत्तम असून त्याने ९९ टक्के शोषले, तरी ते ६३ वर थांबते. शंभरातले नव्व्याण्णव भाग गिळूनही शत्रूला चार मिनिटांहून अधिक वेळ मिळतोच. लेप एवढ्यावर थांबतो. पुढची मजल ऊर्जा गिळून मारता येत नाही, ती दुसरीकडे वळवावी लागते, आणि वळवण्याचे काम फक्त आकार करतो. एफ-११७च्या घडणीत मोलाचा वाटा असलेले लॉकहीड कंपनीचे गणितज्ञ डेनिस ओव्हरहोल्सर यांच्या नावावर एक म्हणणे सांगितले जाते: स्टेल्थमध्ये चार गोष्टी महत्त्वाच्या, त्यांतल्या पहिल्या तीन म्हणजे आकार आणि चौथी म्हणजे साहित्य.

आकाराची ताकद एका पत्र्यावरून कळते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, सपाट धातूचा पत्रा घ्या आणि तो ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसमोर अगदी सरळ धरा. क्षेपणास्त्रांना दिशा देणारी बरीच रडारे याच तरंगलांबीच्या आसपास काम करतात. या पत्र्याचे परावर्तन-क्षेत्र एक चौरस मीटर नसते, ते सुमारे १४,००० चौरस मीटर भरते, कारण सपाट पृष्ठ सगळी ऊर्जा एकाच अरुंद दिशेत, थेट रडारकडे परत फेकते. मात्र तोच पत्रा जेमतेम एक अंश कलला की तो अरुंद झोत रडारच्या बाजूने निघून जातो. घाटमाथ्यावरून उन्हात खाली पाहताना एखाद्या घराचा पत्रा लख्ख चमकतो आणि दोन पावले सरकलो की विझतो, तसेच हे आहे. सपाट पृष्ठ म्हणूनच स्टेल्थचा सर्वांत मोठा शत्रूही आहे आणि सर्वांत मोठा मित्रही. गोल पृष्ठाचे तसे नाही. सव्वा मीटरहून थोड्या कमी व्यासाचा धातूचा गोळा कुठल्याही दिशेने साधारण एक चौरस मीटरच परत पाठवतो. तो कधी भडक चमकत नाही, पण कधी विझतही नाही.

आता पत्रा ३० अंश कलवला, तर साध्या गणिताने त्याचे परावर्तन-क्षेत्र १४,००० वरून सुमारे एक चौरस मीटरवर येते. ही घट मोठी आहे, तरी पुरेशी नाही. उरलेला हा एक चौरस मीटर येतो कुठून? पत्र्याच्या कडांतून. पत्रा कलला तरी त्याची पुढची आणि मागची कड रडारला आडवीच असते. कडेवर लहर आदळली की ती विखुरते, त्यातला काही भाग परत येतो. मग पत्रा कलवण्याबरोबर फिरवलाही, एक कोपरा रडारकडे करून सगळ्या कडा तिरप्या ठेवल्या, तर तेच साधे गणित परावर्तन-क्षेत्र एक चौरस मीटरच्या हजाराव्या भागाहूनही खाली गेल्याचे दाखवते. स्टेल्थच्या आकाराचे सार या दोन हालचालींत आहे: पृष्ठे रडारपासून कलवा आणि कडा रडारला तिरप्या ठेवा. एफ-११७च्या पंखांच्या पुढच्या कडा साडेसदुसष्ट अंश मागे ओढलेल्या आहेत त्या हवेतल्या वेगासाठी नाहीत, हे विमान ध्वनीच्या वेगापर्यंतही जात नसे. समोरच्या रडारला कडांची चमक मिळू नये, ती दूर बाजूला कुठेतरी जावी, एवढ्यासाठी त्या तशा आहेत.

अडचण अशी की ज्या साध्या गणिताचा आधार मी घेतला ते सपाट भागासाठी चांगले चालते, पण कडांच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पृष्ठे कलवून झाली की उरतात त्या कडाच. म्हणजे नेमके जे उरले तेच मोजता येत नव्हते. ही कोंडी फोडली ती एका सोव्हिएत शास्त्रज्ञाने. प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात कडेवरून होणाऱ्या विवर्तनाचा हिशेब मांडला. साध्या गणिताने येणाऱ्या उत्तरात कडेमुळे किती भर घालायची, याची पद्धत त्यांनी दिली. सोव्हिएत यंत्रणेला ते लष्करी गुपित वाटले नाही, म्हणून पुस्तक उघडपणे छापले गेले. अमेरिकी हवाई दलाने १९७१ मध्ये त्याचे भाषांतर करून घेतले आणि काही वर्षांनी ते ओव्हरहोल्सर यांच्या हाती पडले. त्यांनी आणि निवृत्त गणितज्ञ बिल श्रोडर यांनी त्यावरून ‘एको-१’ नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार केला. विमान बनवण्याआधीच ते रडारला किती दिसेल याचे भाकीत आता करता येऊ लागले.

एफ-११७ इतके विचित्र, हिऱ्यासारख्या पैलूंचे का दिसते, याचे उत्तर इथे मिळते. पैलूदार आकार हा स्टेल्थचा नियम नव्हता, ती त्या काळच्या गणनशक्तीची मर्यादा होती. वक्र पृष्ठाचे परावर्तन मोजणे त्या कार्यक्रमाच्या आवाक्यात नव्हते, सपाट तुकड्यांचे होते. म्हणून विमान सपाट तुकड्यांचे झाले. वायुगतिकीच्या अभियंत्यांना त्या आराखड्यात उडण्याची काही आशाच दिसेना, आणि कंपनीत त्याला ‘होपलेस डायमंड’ म्हणू लागले. १९७६ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या चाचणी केंद्रावर लॉकहीड आणि नॉर्थरोप यांच्या प्रतिकृती खांबावर चढवून रडारने तपासण्यात आल्या, तेव्हा प्रतिकृतीपेक्षा तिला धरणारा खांबच जास्त चमकत असल्याचे लक्षात आले आणि नवा खांब घडवावा लागला. लॉकहीड जिंकली. ‘हॅव ब्लू’ हे छोटे प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी उडाले आणि पूर्ण आकाराचे एफ-११७ १८ जून १९८१ रोजी. अशा आकाराचे विमान हवेत स्वतःहून स्थिर राहत नाही. संगणक सेकंदाला अनेकदा त्याची पृष्ठे हलवून तोल सांभाळतो म्हणूनच ते उडते. पुढे संगणक मोठे झाले तेव्हा बी-२ बॉम्बफेकी विमान अखंड वळणांचे बनवता आले आणि पैलू गेले. कलण्याचे आणि तिरपेपणाचे दोन नियम मात्र तिथेही तसेच राहिले.

आकार म्हणजे फक्त बाह्यरेषा नव्हे. साध्या लढाऊ विमानात परावर्तनाची ठिकाणे जागोजागी असतात. उभे शेपूट आणि आडवे शेपूट काटकोनात मिळतात, आणि काटकोन आलेली लहर जिथून आली तिथेच परत पाठवतो, पाहण्याचा कोन बराच बदलला तरी. म्हणून एफ-११७चे शेपूट इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे आहे. इंजिनात हवा घेणारे तोंड म्हणजे तर खोल पोकळी. लहर आत जाते, इंजिनाच्या फिरत्या पात्यांवर आदळते आणि बाहेर येते. एफ-११७मध्ये या तोंडावर जाळी बसवली. तिची भोके साधारण दीड सेंटिमीटरची, त्यामुळे हवा आत जाते, पण ३ सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी जवळजवळ सलग पत्र्यासारखी भासते. कॉकपिटच्या काचेतून लहर आत गेली तर वैमानिकाचे शिरस्त्राण आणि खुर्चीही चमकतात, म्हणून काचेवर सोन्याचा अतिशय पातळ थर दिला. चाकांच्या आणि बॉम्बकक्षाच्या दारांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या कापल्या, म्हणजे फटीची एकही कड समोरच्या रडारला आडवी राहत नाही. पंखाखाली काही टांगायचे नाही, बॉम्ब पोटात, तेही दोनच. स्वतःचे रडार नाही, कारण त्याचा अँटेना चमकतो आणि त्यातून निघणारे प्रक्षेपण शत्रूला पत्ता सांगते. या प्रत्येक उपायाची किंमत विमानाने वेगात, भारात आणि सोयीत मोजली. जाळीवर बर्फ साचणे ही त्यांतलीच एक डोकेदुखी होती.

एवढे केल्यावर लेपाची पाळी येते, आणि आता तो खरोखर उपयोगी पडतो. आकाराने भडक चमक बाजूला नेली, आता मागे उरतात त्या कडा, फटी आणि पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या लहरी. उरलेल्या या थोडक्यातून ९० टक्के शोषले तर ती घट मोलाची ठरते. शोषणाचे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात लेपाच्या वरच्या पृष्ठावरून परतलेली लहर आणि आतल्या धातूवरून परतलेली लहर एकमेकींच्या विरुद्ध येतील असे अंतर ठेवतात, म्हणजे दोन्ही एकमेकींना खोडून काढतात. हे अंतर तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढे लागते. ३ सेंटिमीटरच्या लहरीसाठी ते साडेसात मिलिमीटर होते, आणि ज्या पदार्थात लहर आखडते त्यात आणखी कमी. दुसऱ्या मार्गात लेपात लोहाचे अतिसूक्ष्म गोल कण मिसळतात. लहरीचे चुंबकीय क्षेत्र त्या कणांना क्षणोक्षणी उलटसुलट चुंबकित करते आणि त्या झटापटीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. ती उष्णता इतकी नगण्य असते की लेप तापत नाही. प्रत्यक्षात दोन्ही तत्त्वे एकाच थरात एकत्र वापरतात. कडांसाठी वेगळी युक्ती: मधमाशांच्या पोळ्यासारख्या रचनेत विद्युतरोध बाहेरून आत हळूहळू बदलत नेतात. लहरीला हवेतून धातूत अचानक शिरावे लागत नाही, त्यामुळे ती दचकून मागे फिरत नाही.

लेपाचे खरे दुखणे शोषणात नाही, तो अखंड ठेवण्यात आहे. पृष्ठभागावरून सरपटणारी लहर वाटेत फट, खाच किंवा उंचवटा आला की तिथून निसटते आणि परत जाते. ही विमाने घडवणाऱ्या लॉकहीडच्या विभागाचे प्रमुख बेन रिच यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे. हॅव ब्लूच्या एका चाचणीत जे विमान दिसू नये ते रडारने सुमारे ८० किलोमीटरवरून टिपले. उतरल्यावर तपासले तर तीन स्क्रू पुरते आवळलेले नव्हते. त्यांची डोकी पृष्ठभागाच्या वर तीन मिलिमीटरहूनही कमी आली होती. म्हणजे स्टेल्थ हा विमानाचा कायमचा गुण नाही, प्रत्येक उड्डाणाआधी तो नव्याने मिळवावा लागतो. दुरुस्तीसाठी एक झाकण उघडले की त्याभोवतीची फट पुन्हा वाहक पट्टीने किंवा लुकणाने बुजवायची, लेप सुकू द्यायचा, मग तपासायचे. बी-२च्या बाबतीत अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने १९९७ मध्येच दाखवून दिले होते की त्याचे साहित्य पाऊस आणि दमटपणा सहन करत नाही आणि त्याला हवामान नियंत्रित हँगर लागतात. पुढच्या विमानांत शोषक साहित्य वरून न लावता कवचातच भाजून घेण्याकडे कल आहे तो याच त्रासामुळे.

आता मर्यादा. वरची सगळी गणिते ३ सेंटिमीटरच्या लहरीसाठी होती. लहर २ मीटरची झाली तर काय होते? विमानाचा पैलू, शेपटाची लांबी, पंखाचे टोक हे सगळे आता लहरीच्याच मापाचे किंवा तिच्याहून लहान होते. सपाट पृष्ठ अरुंद झोत फेकते, हा नियम पृष्ठ लहरीपेक्षा खूप मोठे असेल तरच लागू पडतो. माप जुळले की तो भाग लहरीबरोबर अनुनादाने थरथरतो आणि सगळीकडे प्रतिध्वनी पसरवतो. तो कुठल्या कोनात कलवला आहे याला मग फारसे महत्त्व राहत नाही. लेपाचेही तसेच. चतुर्थांशाच्या नियमाने २ मीटरच्या लहरीला अर्धा मीटर जाडी हवी, आणि एवढा थर घेऊन कोणते विमान उडेल? लांब लहरीच्या रडारला स्टेल्थ लढाऊ विमान दिसते ते याच साध्या कारणाने. ही रडारे जुनी, स्वस्त आणि भरपूर आहेत. बी-२ला या बाबतीत थोडा लाभ मिळतो, कारण त्याला शेपूटच नाही आणि आकारमान खूप मोठे आहे.

मग सगळेच देश लांब लहरीची रडारे लावून मोकळे का होत नाहीत? कारण झोताची रुंदी लहरीच्या लांबीला अँटेनाच्या रुंदीने भागून मिळते. दहा मीटर रुंद अँटेना आणि २ मीटरची लहर असेल, तर २५ किलोमीटर अंतरावर तो झोत ५ किलोमीटर रुंद झालेला असतो. त्या पाच किलोमीटरमध्ये कुठेतरी विमान आहे, एवढेच कळते. क्षेपणास्त्राला तेवढे पुरत नाही. त्याला नेमकी दिशा देण्यासाठी लागणारे बारीक लहरीचे रडार वेगळे, आणि एफ-११७ त्याच्याच विरोधात घडवलेले होते. हवाई संरक्षणाच्या साखळीतला हा एक दुवा तोडला तरी साखळी निकामी होते, हा त्यामागचा हिशेब. १९९१च्या आखाती युद्धात तो खरा ठरला. एफ-११७ विमानांनी सुमारे १,३०० उड्डाणे केली आणि एकही विमान पडले नाही.

सर्बियावरच्या हवाई हल्ल्यांच्या काळात, २७ मार्च १९९९च्या रात्री, तिथल्या बुजानोव्त्सी गावाजवळ एक एफ-११७ पडले. पाडणारी तुकडी कर्नल झोल्तान दानी यांची. हत्यार होते १९६०च्या दशकातले सोव्हिएत एस-१२५ क्षेपणास्त्र, जे आपल्या हवाई दलात पेचोरा नावाने ओळखले जाते. दानी यांच्या कथनानुसार त्यांच्या पी-१८ या सुमारे २ मीटर लहरीच्या रडारने विमान वीस-पंचवीस किलोमीटरवरून पाहिले. बारीक लहरीचे नेम धरणारे रडार त्यांनी फार थोडा वेळ, सेकंदांच्या हिशेबाने चालू ठेवायचे असा नियम घातला होता, कारण ते प्रक्षेपण पकडून येणाऱ्या क्षेपणास्त्रांची धास्ती होती. विमान सुमारे १३ किलोमीटरवर असताना दोन क्षेपणास्त्रे सुटली आणि त्यांतल्या एकाने काम केले. वैमानिक लेफ्टनंट कर्नल डेल झेल्को बाहेर पडले आणि काही तासांत त्यांची सुटका झाली.

या घटनेत विज्ञानाच्या विरुद्ध काहीच घडले नाही. लांब लहरीने कुठे पाहायचे ते सांगितले आणि नेमके रडार तिकडेच वळवले गेले. त्या बारीक लहरीलाही १३ किलोमीटरवर विमान दिसले, कारण चौथ्या घाताचा नियम जवळ आलेल्या कोणालाच माफ करत नाही. आपल्या आधीच्या हिशेबातले वर्तुळ २० किलोमीटरचे होते, हे आठवावे. प्रश्न एवढाच उरतो की विमान त्या वर्तुळात गेले का. एफ-११७ विमाने रात्रीमागून रात्री त्याच वाटांनी ये-जा करत होती, हे युद्धानंतरच्या बहुतेक विश्लेषणांत आलेले आहे. शत्रूची फिरती तुकडी त्या वाटेवर येऊन बसली. आकार ठीक होता, लेपही बहुधा ठीक होता. चुकला तो मार्ग. स्टेल्थने विकत घेतलेल्या फटी कुठे आहेत हे प्रतिपक्षाला कळले, की त्या फटी राहत नाहीत. म्हणून मला सर्बियाचा धडा स्टेल्थच्या पराभवाचा वाटत नाही. स्टेल्थला अदृश्यता समजणाऱ्या आखणीचा तो पराभव होता.

आपल्याकडे ही समजूत किती रुजलेली आहे ते जून २०२५ मध्ये दिसले. ब्रिटिश नौदलाचे एफ-३५बी विमान तिरुवनंतपुरमला तातडीने उतरले. आपल्या हवाई दलाच्या जाळ्याने ते टिपून ओळखले होते असे जाहीर होताच समाजमाध्यमांवर स्टेल्थचा फुगा फुटल्याचा जल्लोष झाला. पण आणीबाणीत उतरण्याची परवानगी मागणारे विमान लपत नसते. शिवाय शांततेच्या काळात अशी विमाने सहसा अंगावर छोटे परावर्तक बसवूनच उडतात. नागरी रडारला ती दिसावीत हा एक हेतू आणि आपले खरे परावर्तन-क्षेत्र दुसऱ्यांना मोजता येऊ नये हा दुसरा. अशा विमानाला पाहण्याने त्याच्या स्टेल्थबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि त्यावर आपल्या संरक्षणाचे समाधान मानणे धोक्याचे आहे.

भारत स्वतः ‘अम्का’ हे स्टेल्थ लढाऊ विमान घडवतो आहे. येत्या काळात त्याबद्दल आणि शेजारी देशांच्या विमानांबद्दल परावर्तन-क्षेत्राचे अनेक आकडे छापून येतील. असा आकडा समोर आला की वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणत्या दिशेने पाहिल्याचा आहे, कारण नाकासमोरचा आकडा बाजूला लागू पडत नाही. तो कोणत्या तरंगलांबीसाठी आहे, कारण ३ सेंटिमीटरचे सत्य २ मीटरला खोटे ठरते. आणि तो कारखान्यातून निघालेल्या विमानाचा आहे की पावसाळ्यात दमट हवेच्या तळावर वर्षभर उडालेल्या विमानाचा. या तिन्हींची उत्तरे नसतील तर तो आकडा कितीही लहान असो, त्याला माहिती म्हणू नये.